सुरक्षा साधनांचे बहुपर्यायी प्रश्न: या चुका टाळा

सुरक्षा साधनं निवडण्याच्या प्रश्नपत्रिका मी बरीच वर्षं तपासतो आहे. ज्यांना उद्या प्रत्यक्ष काम करायचं आहे अशा मुलांना शिकवतोही. चुकणारी मुलं वेगळी असतात, चुका मात्र दरवर्षी त्याच. मूळ कारण एकच: प्रश्नातला धोका कोणत्या रूपात आहे हे बघायच्या आधीच पर्याय वाचले जातात, आणि त्यात मास्क दिसला की खूण होते. म्हणून श्वसनाच्या साधनांवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. तिथली चूक माणसाला दुसरी संधी देत नाही.

प्रश्न. एका बंद खोलीत कामगार थिनर घातलेला रंग स्प्रे गननं मारतो आहे. श्वसनासाठी योग्य साधन कोणतं?
(अ) कापडी मास्क
(ब) एन-९५ मास्क
(क) ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा प्रीफिल्टर लावलेला हाफ मास्क
(ड) फेस शील्ड

उत्तर (क). निम्मा वर्ग (ब)वर खूण करतो आणि वर विचारतो, "सर, पण तो तर ९५ टक्के अडवतो ना?" अडवतो, पण काय अडवतो? हवेत तरंगणारे कण. साधारण ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड असलेले कणसुद्धा तो किमान ९५ टक्के थांबवतो. थिनरची वाफ म्हणजे कण नव्हे, सुटे रेणू. ते त्या तंतूंच्या जाळीतून हवेसारखेच आत येतात. वाफ धरायला सक्रिय कोळसा लागतो, आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजमध्ये तोच असतो.

मग नुसतं कार्ट्रिज का नको? कारण स्प्रे गन वाफेबरोबर रंगाचे बारीक थेंबही उडवते. कोळसा ते थेंब नीट अडवत नाही, उलट त्यांनी चोंदून जातो. वाफेसाठी कोळसा आणि थेंबांसाठी प्रीफिल्टर, अशी दोन रूपांची दोन उत्तरं एकाच मास्कवर हवीत. फेस शील्ड डोळ्यांपुढचे शिंतोडे अडवते, तिचा श्वासाशी संबंध नाही.

आता याच प्रश्नात "रंग दोन भागांचा असून हार्डनरमध्ये आयसोसायनेट आहे" एवढं वाक्य वाढवा. उत्तर बदलतं. आयसोसायनेटचा वास घातक पातळी गाठेपर्यंत नाकाला जाणवत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपलं तरी कळत नाही. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा एअरलाइन मास्क हे सुरक्षित उत्तर. ज्याने प्रश्न अर्धा वाचला तो इथे हमखास अडकतो.

कार्ट्रिजचे रंग पाठ करून पेपर सोडवणाऱ्यांबद्दलही सांगतो, कारण हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. अमेरिकी पद्धतीत ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज काळं असतं, युरोपीय पद्धतीत तपकिरी. अमेरिकी पद्धतीत पिवळा रंग ऑरगॅनिक व्हेपर आणि आम्लवायू या दोन्हींसाठी असतो, युरोपीय पद्धतीत तोच सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्लवायूंसाठी. नुसता रंग बघून उचललेलं कार्ट्रिज चुकीचं निघू शकतं. लेबल वाचा. माझी सवय अशी की कार्ट्रिज फोडलं की त्यावर मार्करनं तारीख टाकतो आणि काम संपलं की ते हवाबंद पिशवीत ठेवतो. उघडं राहिलेलं कार्ट्रिज फडताळात पडल्या पडल्याही हवेतल्या वाफा ओढत राहतं.

प्रश्न. कित्येक महिने बंद असलेली पोलादी टाकी आहे. तळाला थोडं पाणी, भिंतींना गंज. आत कधीही रसायन नव्हतं. कामगाराला आत उतरून गंज खरवडायचा आहे. आतली हवा मोजलेली नाही. कोणतं साधन?
(अ) धुळीचा मास्क
(ब) ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा हाफ मास्क
(क) अनेक वायूंसाठीचं कार्ट्रिज लावलेला फुल फेस मास्क
(ड) पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच किंवा सुटकेच्या सिलिंडरसह एअरलाइन

"गंज खरवडणे" वाचलं की धूळ आठवते आणि (अ)वर खूण होते. जरा विचार करणारे (क) निवडतात, कारण ते साधन भारी दिसतं. उत्तर (ड).

रसायन नव्हतं, मग भीती कशाची? गंजाची. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन वापरतं. टाकी बंद असली की नवा ऑक्सिजन येत नाही आणि आतला हळूहळू कमी होत जातो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती हवा ऑक्सिजन-न्यून धरतात. (अ), (ब), (क) ही तिन्ही साधनं हवा गाळतात. हवेत जे नाहीच ते कोणतंही गाळणं आणून देऊ शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका कारखान्यात अशाच टाकीच्या कामावर मी देखरेखीला होतो. वायू मोजायचं यंत्र दुसऱ्या विभागात गेलेलं होतं, ते यायला अर्धा तास लागणार होता. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "साहेब, पाण्याचीच टाकी आहे, पोराला कार्ट्रिजचा मास्क दिलाय की." मी दुसऱ्या फोनवर होतो, आणि तेवढ्यात तो मुलगा शिडीवरून खाली उतरला होता. त्याच्या अंगावर हार्नेस होता आणि दोरी वरच्या तिकाटण्याला बांधलेली होती. त्याच्या नशिबानं एवढी एक गोष्ट नीट झालेली होती. दोनेक मिनिटांत खरवडण्याचा आवाज मंदावला. हाक मारली तर "हो" आलं, पण जीभ जड झालेली. पुढच्या हाकेला उत्तर नाही. त्याचा जोडीदार शिडीवर पाय टाकत होता, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं आणि आम्ही तिघांनी विंच फिरवून मुलाला वर काढलं. मोकळ्या हवेत काही वेळानं तो शुद्धीवर आला. तो मला म्हणाला, "दम लागला नाही, गुदमरलं नाही, फक्त झोप आली."

नंतर यंत्र आलं. नळी तळाशी सोडली तर आकडा १९.५ टक्क्यांच्या खूपच खाली. तोंडाशी, जिथे मुकादम वाकून बघत होता, तिथे जवळपास नेहमीची हवा. म्हणूनच वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन जागी मोजायचं असतं. ऑक्सिजन कमी पडल्यावर शरीर गुदमरल्याची सूचना देईलच असं नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते, आणि तो तर उच्छ्वासातून बाहेर जात असतो. त्यामुळे "त्रास झाला तर वर येईन" हा बेत चालत नाही.

हाच प्रश्न असाही येतो: "ब्लोअरनं हवा खेळवली, तिन्ही पातळ्यांवर ऑक्सिजन २०.९ टक्के, विषारी व ज्वलनशील वायू नाहीत, ब्लोअर चालू आहे." आता (अ) बरोबर. आता धोका फक्त गंजाच्या धुळीचा उरला आहे, आणि पाठीवर जड सिलिंडर घेऊन अरुंद तोंडातून उतरवणं म्हणजे माणसाला उगाच अडकवणं. जास्त भारी साधन म्हणजे जास्त बरोबर उत्तर, हे डोक्यातून काढा.

हातमोज्यांचा प्रश्न. "ॲसिटोननं भाग धुण्यासाठी कोणते हातमोजे: लेदर, पातळ नायट्राइल, ब्यूटाइल रबर की सुती?" मुलं नायट्राइल म्हणतात, कारण "नायट्राइल केमिकलला चालतं." तेल, ग्रीस, डिझेल यांना चालतं. ॲसिटोन मात्र पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच पार होतं. उत्तर ब्यूटाइल. हातमोज्याला भोक पडलेलं नसतं, तो कोरडा दिसतो आणि रसायन तरीही रेणूरेणूनं आत येतं. १९९६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. त्या जाणकार होत्या, फ्यूम हूडमध्ये काम करत होत्या. जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेनं त्या गेल्या. हातमोजा फाटला नव्हता, त्या रसायनासाठी तो चुकीचा होता. म्हणून मी रसायनाचं नाव आणि उत्पादकाचा तक्ता समोर ठेवल्याशिवाय हातमोजा निवडत नाही, पेपरातही नाही.

काही चुका एका ओळीत संपतात. ग्राइंडरच्या कामात नुसती फेस शील्ड पुरत नाही, तिच्या आत सुरक्षा चष्मा हवाच. गॅस वेल्डिंगचा गॉगल आर्क वेल्डिंगला चालत नाही, त्याची काच फार फिकी असते आणि चेहरा उघडा राहतो. घट्ट बसणाऱ्या मास्कखाली दाढी असेल तर मास्क कितीही चांगला असो, हवा कडेनं शिरते. त्या प्रश्नात "दाढी" हा शब्द उगाच आलेला नसतो.

शेवटी "वरील सर्व" हा पर्याय. घाईतल्या मुलांचा हा फार लाडका. "बेंच ड्रिलवर भोक पाडताना काय घालावं: सुरक्षा चष्मा, सुती हातमोजे, सैल ॲप्रन, की वरील सर्व?" उत्तर फक्त चष्मा. फिरत्या ड्रिलनं मोज्याचा एक धागा धरला तरी तो बोटासकट गुंडाळला जातो, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. सैल ॲप्रनचंही तेच. मुलं म्हणतात, "सर, पण धातूचा कीस हाताला कापतो." कापतो, म्हणून मशीन बंद करून तो ब्रशनं काढायचा आणि कामाचा तुकडा हातात न धरता व्हाइसमध्ये आवळायचा. हातमोजे घालायचेच असतील तर स्पिंडल पूर्ण थांबल्यावर, कीस गोळा करताना.