व्हिडिओच्या शेवटी हुकूम नको, प्रश्न ठेवा

समजा, गिरणगावातल्या 1982 च्या संपावर व्हिडिओ केलाय. शेवटी ‘लाइक करा, शेअर करा, बेल दाबा’ म्हटलं की लोक निघून जातात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा, आणि तोही ज्याचं उत्तर घरातच सापडेल असा: ‘तुमच्या घरी संपाच्या दिवसांबद्दल कोण बोलतं, आणि कोण टाळतं?’ ‘तुम्हाला काय वाटतं?’ फारच मोघम. त्यावर ‘मस्त व्हिडिओ’ एवढंच येतं. आठवणी येऊ लागल्या, तर प्रश्न जमला.

प्रश्नानंतर तीन-चार सेकंद काही बोलू नका, संगीतही नको. यूट्यूबची एंड स्क्रीन 5 ते 20 सेकंदांची असते. ती या शांततेनंतरच येऊ द्या. सबस्क्राइबचं बटण तिथे ठेवता येतं, मग तोंडाने कशाला मागायचं?