पर युनिट पद्धत: ३३/११ केव्ही उपकेंद्रातील शॉर्ट सर्किट प्रवाह कसा काढावा

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांवरील पंपांना वीज देणारे एक ३३/११ केव्ही उपकेंद्र उदाहरणादाखल घेऊ. मोठ्या उपकेंद्रात १३२/३३ केव्हीचे, २५ एमव्हीए क्षमतेचे आणि १० टक्के इम्पीडन्सचे रोहित्र आहे. तेथून १२ किलोमीटरची ३३ केव्ही वाहिनी येते, जिचा रिॲक्टन्स ४.८ ओहम आहे. आणि शेवटी ५ एमव्हीएचे, ७.१५ टक्के इम्पीडन्सचे रोहित्र आहे. ११ केव्ही बसवर तिन्ही फेज एकत्र आले तर किती प्रवाह वाहील, हे काढायचे आहे. १३२ केव्हीच्या मागची यंत्रणा अमर्याद सक्षम मानू आणि रोध सोडून देऊ; त्यामुळे उत्तर प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त येईल.

प्रथम संपूर्ण जाळ्यासाठी एकच एमव्हीए बेस ठरवावा. येथे तो २५ घेऊ. व्होल्टेजचे बेस मात्र रोहित्रांच्या गुणोत्तरानुसारच, म्हणजे १३२, ३३ आणि ११ केव्ही, असे घ्यावे लागतात. पद्धतीचे सारे बळ या अटीत आहे. वाहिनीचे ४.८ ओहम ३३ केव्हीच्या बेस इम्पीडन्सने, म्हणजे ३३² ÷ २५ = ४३.५६ ओहमने, भागले की ०.११ येतात. तीच वाहिनी ११ केव्हीच्या बाजूने पाहिली तर तिचे ओहम नऊपट कमी, ०.५३३ होतात; पण तेथील बेसही नऊपट कमी, ४.८४ ओहम असतो, म्हणून भागाकार पुन्हा ०.११ च येतो. त्यामुळे व्होल्टेज बदलले तरी गुणोत्तराच्या वर्गाने गुणत बसावे लागत नाही आणि आकृतीतून रोहित्राचे गुणोत्तरच नाहीसे होते.

यानंतर रोहित्रांकडे वळावे. पहिल्याचे १० टक्के त्याच्याच २५ एमव्हीएवर असल्याने ०.१० तसेच राहतात. दुसऱ्याच्या नेमप्लेटवरील ७.१५ टक्के ५ एमव्हीएवरचे आहेत. ते २५ ÷ ५, म्हणजे पाचपट करून ०.३५७५ घ्यावेत. एकूण बेरीज ०.५६८ होते आणि प्रवाह १ ÷ ०.५६८ = १.७६ पर युनिट येतो. ११ केव्हीचा बेस प्रवाह १३१२ अँपिअर असल्याने तेथे सुमारे २३१० अँपिअर वाहतील. ३३ केव्हीचा बेस प्रवाह ४३७ अँपिअर आहे, म्हणून त्याच वेळी वाहिनीत सुमारे ७७० अँपिअर असतील.

सर्वाधिक चुका नेमप्लेटवरील टक्के तसेच उचलण्यात होतात. येथे ०.०७१५ तसेच ठेवले तर बेरीज ०.२८२ होते आणि उत्तर जवळजवळ ४६६० अँपिअर, म्हणजे दुप्पट येते. ही चूक ओळखता येते: ५ एमव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह २६२ अँपिअर आहे आणि मागे कितीही मोठी यंत्रणा असली तरी ते २६२ ÷ ०.०७१५, म्हणजे सुमारे ३६७० अँपिअरपेक्षा जास्त देऊच शकत नाही. उत्तर या मर्यादेपलीकडे गेले की रिले सेटिंगला हात लावण्यापूर्वी बेस पुन्हा तपासावा. रोहित्राचा टॅप मधल्या जागेवर नसेल, तर प्रत्यक्ष गुणोत्तर ३३/११ राहत नाही आणि तो फरक आकृतीत वेगळा दाखवावा लागतो.