पिन दुकानावर, गिऱ्हाईक मागच्या बोळात

सांगलीत विश्रामबागला आमचं हळद-मसाल्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकं फोन करायची, "दादा, नकाशा इथंच आणतोय, पण दुकान कुठाय?" गूगल मॅप्सवरच्या पत्त्यात मी फक्त "शाळेसमोर, विश्रामबाग ४१६४१५" लिहिलं होतं. गाळा नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही. असा पत्ता अ‍ॅपला नेमका सापडत नाही, मग ते अंदाजानं त्या भागात कुठंतरी पिन टाकतं.

गूगलवर दुकानाचा मालक म्हणून माझी पडताळणी झालेली होतीच. दुकानाच्या प्रोफाइलमधल्या लोकेशनमध्ये गेलो, पत्ता पूर्ण केला, सॅटेलाइट चित्रावर पिन ओढून इमारतीच्या छपरावर मधोमध ठेवली. तरी लोक मागच्या बोळात! कारण अ‍ॅप पिनपासून जवळचा रस्ता धरतं, आणि छपराच्या मध्यापासून बोळ जवळ होता. खरी मेख इथं होती. मग पिन पुढं सरकवून बरोबर शटरवर आणली, पाटीचा फोटोही टाकला.

असा बदल गूगलच्या तपासणीत अडकू शकतो, म्हणून पुन्हापुन्हा बदलत बसलो नाही. भाच्याला त्याच्या फोनवरून मिरजेहून रस्ता काढायला लावला. रेघ थेट आमच्या पायरीसमोर थांबली.