वडिलांचा निर्गम उतारा मागायचा अर्ज कसा लिहायचा (आणि तोच अर्ज सहकारी बँकेला द्यायचा असेल तर काय बदलायचं)

जातीचा दाखला किंवा जात पडताळणी करायला घेतली की वडिलांचा नाहीतर आजोबांचा प्राथमिक शाळेतला निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, लागतो आणि मग गावच्या शाळेत अर्ज द्यावा लागतो. बरेच जण तिथे "माझ्या वडिलांचा दाखला मिळावा ही विनंती" एवढंच लिहून देतात. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतेक वेळा क्लार्क नसतो, मुख्याध्यापकच शिकवता शिकवता जुनं जनरल रजिस्टर काढून पान पान चाळतात, त्यांना सन आणि नाव नीट दिलं नाही तर शोधणार कुठे आणि किती? म्हणून अर्जात नमस्कार-चमत्कारापेक्षा हा शोधायचा मजकूर पक्का पाहिजे.

आधी घरात विचारून घ्या: जन्मसाल काय, कोणत्या इयत्तेपर्यंत शिकले, शाळा मुलांची वेगळी होती की मुला-मुलींची एकत्र (काही गावांत वेगळ्या होत्या, रजिस्टरही वेगळं). जन्मसालात सहा मिळवले की पहिलीत नाव घातल्याचं अंदाजे साल निघतं, त्याच्या मागची-पुढची दोन वर्षं धरायची. आणि नाव तेव्हा कसं लिहिलं असेल ते बघा, आधारवर आडनाव एक आणि रजिस्टरला दुसरंच, किंवा घरातलं हाक मारायचं नावच लागलेलं, असं सर्रास असतं.

आता अर्ज:

दिनांक : ........

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ........
ता. ........ जि. ........

अर्जदार : (पूर्ण नाव, राहणार, मोबाईल नंबर)

विषय : वडिलांचा निर्गम उतारा मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, माझे वडील ........ हे आपल्या शाळेत अंदाजे सन १९६८ ते १९७२ या काळात इयत्ता पहिली ते चौथीत शिकत होते. त्यांची जन्मतारीख ........ असून रजिस्टरला त्यांचे नाव ........ असे नोंदलेले असण्याची शक्यता आहे. रजिस्टर क्रमांक माझ्याकडे उपलब्ध नाही.
जात पडताळणी समितीकडे सादर करण्यासाठी मला सदर उताऱ्याची आवश्यकता आहे. तरी जनरल रजिस्टरमधील नोंद पाहून सही-शिक्क्यासह निर्गम उतारा मिळावा, ही नम्र विनंती.
कळावे,

आपली विश्वासू,
(सही आणि नाव)

सोबत : १) अर्जदाराच्या आधार कार्डची झेरॉक्स २) वडिलांशी नातं दाखवणारा कागद

यात पुरुषाने लिहिलं तर "करतो" आणि "आपला विश्वासू", बाकी तेच. बाई मुख्याध्यापिका असतील तर वर "मा. मुख्याध्यापिका" आणि खाली "महोदया", कोण आहे माहीत नसेल तर "महोदय/महोदया" चालतं. "आपला आज्ञाधारक" हे शाळेत सध्या शिकणाऱ्या मुलाने लिहायचं, चाळीस वर्षांच्या माणसाने नाही! आणि "स.न.वि.वि." किंवा "कळावे, लोभ असावा" हे घरच्या, ओळखीच्या पत्रातलं, अर्जात नुसतं "कळावे" पुरतं. "मिळणेबाबत", "सदर", "विषयास अनुसरून" ही सरकारी वळणं मला स्वतःला फार आवडत नाहीत पण वाचणाऱ्याला ओळखीची असतात, असू द्या. मात्र "सदर" प्रत्येक वाक्यात नको.

तारखेची खाडाखोड करू नका आणि उतारा हातात आला की तिथेच वाचून बघा, नावाची वेलांटी, जन्मतारीख अक्षरात, जातीचा रकाना, रजिस्टर क्रमांक, शिक्का. जुन्या नोंदीत जे आहे तेच उताऱ्यात यायला हवं, मुख्याध्यापकांना "आधारप्रमाणे लिहा" म्हणून गळ घालू नका, तसा उतारा मूळ रजिस्टरशी जुळत नाही आणि पडताळणीत अडकतो.

हाच अर्ज सहकारी बँकेला असेल, समजा पत्ता बदलायचा आहे, तर "मा. शाखाधिकारी", खाली बँकेचं आणि शाखेचं नाव. खाते क्रमांक विषयातच टाका: "बचत खाते क्र. ........ मधील पत्ता बदलणेबाबत". मजकुरात जुना पत्ता, नवा पत्ता, बास, घर का बदललं ते बँकेला नकोय. सही मात्र बँकेत नमुना दिलाय तशीच करायची. मराठीत अर्ज लिहिला म्हणून मराठीत सही ठोकली आणि नमुना इंग्रजीतला असेल तर अर्ज परत येतो. खातं दोघांचं असेल तर दोघांच्या सह्या घेऊनच जा.

दोन्हीकडे अर्जाच्या दोन प्रती न्या, एक देऊन दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का मारून पोच घ्या. शिक्का नसेल तर घेणाऱ्याची सही आणि तारीख तरी घ्याच, पंधरा दिवसांनी "कोणता अर्ज?" असं विचारलं तर तीच दाखवायची.