पोलो टी-शर्टची कॉलर: का वळते, का लाटते आणि पुन्हा सपाट कशी बसवावी

कॉलर बिघडली की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: कडक इस्त्री मारा. कितीतरी कॉलरी याच सल्ल्याने वाया जातात. कॉलर दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडते: काठ आखूड होऊन टोकं वर वळतात, किंवा काठ लांब होऊन लाटतो, म्हणजे त्यावर लाटा पडतात. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत. त्यामुळे आधी आपल्या कॉलरला काय झालंय ते ओळखायचं आणि मगच इस्त्रीला हात लावायचा.

त्यासाठी कापड थोडं समजून घ्यावं लागेल. इचलकरंजीच्या मागावर निघतं त्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. टी-शर्टचं कापड होजिअरीचं, म्हणजे फासांत फास अडकवून विणलेलं असतं. साध्या टी-शर्टात सगळे फास एकसारखे असतात, म्हणून ते कापड कापलं की कडेला लगेच गुंडाळी होते. पोलोच्या कापडात, म्हणजे पीकेत (दुकानदार मॅटीही म्हणतात), ठरावीक सुया जुना फास न सोडताच नवा धागा घेतात. एका सुईवर दोन धागे जमतात, पुढच्या ओळीत दोन्ही एकदम सुटतात. याला टक म्हणतात. एका ओळीत एक सुई सोडून एक असे टक, मग एक साधी ओळ, मग टकाच्या जागा बदलून पुन्हा तेच. अशा चार ओळी पुन्हा पुन्हा विणल्या की पोलोवर दिसणारे बारीक खळगे तयार होतात.

टकाचा फास आडवा पसरतो आणि कापडाला उंचीत आखूड करतो. म्हणून पीके जाडसर असतं, अंगाला चिकटत नाही, उभं कमी ताणतं आणि कडेला साध्या होजिअरीइतकं गुंडाळत नाही. त्याचा स्वभाव मात्र रुंद आणि आखूड व्हायचा. कारखान्यात ते ओढून सरळ केलेलं असेल, तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत शर्ट उंचीला कमी होतो.

कॉलर या कापडाची नसतेच. ती वेगळ्या सपाट मशीनवर पट्टीच्या रूपात विणतात: एक सुलट, एक उलट, जशी स्वेटरची बॉर्डर. सुलट फासांची ओढ एकीकडे, उलट फासांची दुसरीकडे, दोन्ही एकमेकांना तोलतात आणि पट्टी सपाट राहते. तिच्या उभ्या रेघा गळ्याच्या शिवणीपासून बाहेरच्या काठाकडे जातात. हे नीट पाहून ठेवा, कारण काठ ओढला की या रेघा एकमेकींपासून लांब जातात, आणि काठ आटला की जवळ येतात. पुढचं सगळं काम या रेघांचंच आहे.

आधी मापं घ्या

शर्ट टेबलावर ठेवून कॉलर उभी उलगडा. टेपने गळ्याची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. बाहेरचा काठ टेपने मोजू नका, लाटा असतील तर माप चुकतं. शिवणाचा दोरा काठाच्या वळणावळणाने अंथरा, दोन्ही टोकं पकडा आणि मग दोरा मोजा.

दोन्ही मापं जवळपास सारखी, किंवा काठ सेंटिमीटरभर जास्त, म्हणजे कॉलर ठीक आहे. टोकं तेवढी वर वळत असतील तर वाळतानाची घडी तशीच राहिली आहे. आतल्या बाजूने ओलसर इस्त्री केली की बसतात. काठ शिवणीपेक्षा दोन सेंटिमीटर किंवा अधिक आखूड असेल तर कॉलर मानेवर चढते आणि टोकं वर वळतात. काठाला खांद्यावर पसरायला लांबीच उरलेली नसते. काठ दोन सेंटिमीटरहून जास्त लांब असेल तर तो लाटतो.

आखूड काठाचं नेहमीचं कारण म्हणजे कॉलरची पट्टी शिवण्याआधी नीट आटवलेली नसते, किंवा काठाच्या पहिल्या ओळी फार घट्ट विणलेल्या असतात. लांब काठाची कारणं दोन. एक, ओली किंवा गरम असताना कुणीतरी ओढली. दुसरं लोकांच्या लक्षात येत नाही: काठाजवळची रंगीत रेघ पॉलिस्टर धाग्याची आणि बाकी पट्टी सुती. सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि काठ कुणी न ओढताही लाटतो. अशी कॉलर प्रत्येक धुण्यानंतर बसवावी लागेल, कायमचा उपाय नाही.

धुणं

बटणं लावून, शर्ट उलटा करून, कॉलर उभी ठेवून, थंड पाण्यात. कॉलर ब्रशने घासायची तर रेघांच्या दिशेने, काठाला समांतर कधीच नाही.

वाळवणं

पिळून काढलेल्या शर्टातही भरपूर पाणी राहतं, आणि ते सगळं वजन चिमटा लावलेल्या जागी लोंबतं. कॉलरला किंवा खांद्याला चिमटा लावू नका. शर्ट छातीच्या रेषेवर दोरीवर आडवा टाका, कॉलर मोकळी ठेवा. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे घरात दोन-दोन दिवस दमट राहतात, तेव्हा हे जास्त पाळायचं: शर्ट जितका वेळ ओला लोंबेल तितका फास सरकायला वेळ मिळतो. पंख्याखाली खाटेवर आडवा पसरलेला शर्ट उत्तम.

लाटलेला काठ बसवणं

इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, म्हणून सावकाश वाचा.

सूत ओलं आणि गरम असताना त्याच्या तंतूंमधले बारीक बंध सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. इस्त्रीचं सगळं सामर्थ्य एवढंच. ज्या आकारात कापड वाळलं, तो आकार ते धरतं. इस्त्रीवाला घाईत कॉलरचं टोक डाव्या हातात धरतो, ताणतो आणि मानेकडून टोकाकडे इस्त्री सरकवतो. इस्त्रीखाली लाट दिसेनाशी होते, कारण काठ आणखी ओढला जातो. गार झाल्यावर लाट आधीपेक्षा मोठी. त्याला कॉलर देताना स्पष्ट सांगा: ओढायची नाही. नाहीतर कॉलर घरीच करा.

उदाहरण घेऊ. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या गणवेशाचा, एल मापाचा सुती पोलो. शिवण 43 सेंटिमीटर, काठ 46. तीन सेंटिमीटर जास्तीचे परत आत घ्यायचेत.

टेबलावर जाड टॉवेल, त्यावर शर्ट, कॉलर उभी उलगडलेली, आतली बाजू वर. कॉलर पाण्याने फवारा. दाबल्यावर थेंब येऊ नये, पण सगळीकडे सारखी ओलसर हवी. पाठीमागच्या मध्यावर एक टाचणी लावा. आता बोटांच्या टोकांनी काठाच्या रेघा थोड्या थोड्या मध्याकडे सरकवा, एका बाजूने दीड सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूने दीड. टोकापाशी सगळं एकदम ढकलू नका, तिथे चुणी पडते. जास्तीची लांबी सगळ्या काठावर वाटली गेली पाहिजे. लाटेच्या ठिकाणी रेघा फाकलेल्या दिसतात, त्या शेजारच्या रेघांइतक्या जवळ आल्या की थांबा.

वर ओला करून पिळलेला जुना पंचा पसरा. वाफेची इस्त्री पंचाच्या बोटभर वर धरून वाफ सोडा, टेकवू नका. काठ स्वतःहून आत ओढला जाताना दिसतो. मग इस्त्री तीन-चार सेकंद टेकवा, उचला, पुढे टेकवा. सरकवायची नाही, कारण सरकवलं की तुम्ही जमवलेल्या रेघा पुन्हा फाकतात. पंचा काढा आणि कॉलर तशीच पडू द्या, पूर्ण गार आणि कोरडी होईपर्यंत. गरम कॉलर उचलून बघायचा मोह सगळं वाया घालवतो.

एका फेरीत 46 चा साधारण 44 किंवा साडेचव्वेचाळीस झाला तरी चांगलं. उरलेलं दुसऱ्या फेरीत. कॉलरवर लायक्रा किंवा पॉलिस्टर असेल तर इस्त्री मध्यम आचेवरच ठेवा. कडक आचेने लायक्राची ओढ मरते आणि मग काहीच परत येत नाही.

आटलेला काठ मोकळा करणं

हे उलट आहे आणि सोपं आहे. कॉलर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. टॉवेलवर उलगडून मध्यापासून टोकांकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर ओढत काठ शिवणीच्या मापाला आणा, न गंजणाऱ्या टाचण्या तीन-तीन सेंटिमीटरवर लावा आणि पूर्ण वाळू द्या. इथे ओढायचं ते ओलं असताना आणि टाचण्यांच्या हिशेबाने. इस्त्री शेवटी, नुसती टेकवून.

जिथे हे चालणार नाही

कॉलर ठीक आणि गळ्याची शिवणच फाकली असेल, तर इस्त्रीने काही होत नाही. मागच्या गळ्याला आतून पट्टी लावलेली नसली की हे हमखास होतं. टेलरकडून कॉलर उसवून गळा मापात घ्या, आतून सुती पट्टी लावा आणि कॉलर परत बसवा.

खळ तर देऊच नका. रेने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूने 1920 च्या दशकात हा शर्ट मैदानात आणला, तो ताठ कॉलरच्या लांब बाह्यांच्या शर्टाला पर्याय म्हणून. खळीने टोक तात्पुरतं ताठ होतं, पण रेघा फाकलेल्या त्या फाकलेल्याच राहतात आणि पुढच्या धुण्यात लाट परत दिसते.

विकत घेताना

कोल्हापुरात महाद्वार रोडवर असो की राजारामपुरीत, दुकानातच एक परीक्षा करा. कॉलरच्या काठावर दहा सेंटिमीटरची जागा चिमटीत धरून तेरापर्यंत ताणा आणि सोडा. लगेच परत दहावर आली तर विण घट्ट आहे. काठ ढिला, किंचित लाटलेला राहिला तर शर्ट परत ठेवा. मग कॉलर उजेडासमोर धरा. रेघांमधून उजेड आरपार दिसत असेल तर विण विरळ आहे, आणि अशी कॉलर पहिल्या पावसाळ्यातच लाटेल. मागच्या गळ्यात आतून पट्टी आहे का ते बोट घालून बघा. कंपनीसाठी शंभरेक शर्ट शिवून घेणार असाल, तर ऑर्डर देण्याआधी एक नमुना घरी तीनदा धुवा, आडवा वाळवा आणि दोऱ्याने काठ मोजा. शिवण आणि काठ यांत सेंटिमीटरहून जास्त फरक पडला, तर कॉलरची पट्टी आटवून मगच शिवायला सांगा.