मल्टि-स्टोअर मॉडेल: तीन चौकोन, दोन बाण आणि त्यांवरचे आक्षेप

ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ साली मांडलेलं स्मृतीचं मॉडेल बहुतेकांच्या वहीत तीन चौकोन आणि दोन बाण एवढंच उरतं: संवेदी स्मृती, अल्पकालीन स्मृती, दीर्घकालीन स्मृती. चौकोन, म्हणजे स्मृतीची कोठारं, सगळ्यांनाच पाठ असतात. गुण जातात ते बाणांवर. पहिल्या बाणाचं नाव ‘अवधान’, दुसऱ्याचं ‘उजळणी’. प्रत्येक आक्षेप नेमका चौकोनावर आहे की बाणावर, हे ठरवून लिहिलं की उत्तर आपोआप सुटसुटीत होतं. पुढच्या नोंदी त्याच क्रमाने आहेत.

चौकोन, थोडक्यात

संवेदी स्मृतीसाठी स्पर्लिंगचा १९६० चा प्रयोग पुरतो. चार-चार अक्षरांच्या तीन ओळी पडद्यावर फक्त ५० मिलिसेकंद दिसतात. ‘सगळी सांगा’ म्हटलं तर लोकांना चार-पाचच अक्षरं सांगता येतात. पण अक्षरं नाहीशी झाल्याबरोबर उंच, मध्यम किंवा खालचा सूर वाजवून ‘फक्त ती ओळ सांगा’ म्हटलं, तर त्या ओळीतली साधारण तीन अक्षरं येतात. कोणती ओळ विचारणार हे आधी माहीत नसतं, म्हणजे तिन्ही ओळींतली तीन-तीन मिळून नऊच्या आसपास अक्षरं त्या क्षणी हाताशी होती. सूर सुमारे एक सेकंद उशिरा वाजवला की हा फायदा संपतो. क्षमता मोठी आणि आयुष्य क्षणाचं, हे दोन्ही निष्कर्ष याच एका प्रयोगातून निघतात.

अल्पकालीन स्मृतीची ‘सात अधिक-उणे दोन’ ही क्षमता मिलरने १९५६ मध्ये सांगितली. ती ॲटकिन्सन-शिफ्रिन यांच्या नावावर खपवू नका. शिवाय मिलर आकड्यांबद्दल नव्हे, गटांबद्दल बोलतो. १६७४१८१८१९६० हे बारा आकडे एकदा ऐकून कुणालाही जड जातील. पण ज्याला शिवराज्याभिषेक, पेशवाईचा अस्त आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना यांची सालं माहीत आहेत, त्याच्यासाठी हे तीनच गट आहेत. हे उदाहरण लक्षात असू द्या, आक्षेपांत पुन्हा कामाला येईल.

अल्पकालीन स्मृती किती वेळ टिकते यासाठी पीटरसन आणि पीटरसन यांचा १९५९ चा प्रयोग देतात. तीन व्यंजनं ऐकवायची आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीनने उलटं मोजायला लावायचं, म्हणजे मनात घोकता येत नाही. ३ सेकंदांनंतर बहुतेकांना अक्षरं आठवतात, १८ सेकंदांनंतर दहापैकी एखाद्याच वेळी. यावरून ‘उजळणी थांबली की ठसा विरतो’ असा निष्कर्ष काढला गेला. पण त्यात प्रत्येकाची परीक्षा ४८ वेळा झाली होती. केपेल आणि अंडरवुड यांनी १९६२ मध्ये फक्त पहिली फेरी वेगळी काढून पाहिली, तर १८ सेकंदांनंतरही विस्मरण जवळजवळ नव्हतंच. ते वाढतं पुढच्या फेऱ्यांत, म्हणजे आधीची अक्षरं नंतरच्यांच्या आड येतात. म्हणून ‘१८ सेकंद’ हा आकडा लिहिताना ‘उजळणी रोखली असता’ हे शब्द जोडा, आणि विस्मरणाचं कारण विरणं की अडथळा हा वाद एका वाक्यात नोंदवा.

दोन कोठारं खरंच वेगळी आहेत का?

मॉडेलच्या बाजूचा सर्वांत नेटका पुरावा ग्लांझर आणि क्युनिट्झ यांचा, १९६६ चा. शब्दांची यादी ऐकवून हव्या त्या क्रमाने आठवायला सांगितलं की सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात, मधले गळतात. मॉडेलनुसार सुरुवातीचे शब्द उजळणी होऊन दीर्घकालीन स्मृतीत गेलेले असतात, शेवटचे अजून अल्पकालीन स्मृतीतच असतात. आता यादी संपल्यावर ३० सेकंद आकडे मोजायला लावले की शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा होतो, सुरुवातीच्यांचा मात्र टिकतो. उलट, शब्द सावकाश ऐकवले की सुरुवातीचे आणि मधले शब्द सुधारतात, शेवटच्यांवर फरक पडत नाही. एक बदल आलेखाच्या एका टोकाला लागतो, दुसरा बदल उरलेल्या भागाला. उत्तरात दोन्ही बदल लिहा. एकच लिहिला तर ‘वेगळी कोठारं’ हा निष्कर्ष लंगडा पडतो.

यालाही उत्तर आलं. बियॉर्क आणि व्हिटन यांनी १९७४ मध्ये शब्दांच्या प्रत्येक जोडीच्या आधी आणि नंतरही गणितं घातली. मॉडेलप्रमाणे शेवटचा फायदा पुसला जायला हवा होता, तो परत उगवला. कारण साध्या हिशोबात दिसतं. शब्द एक-एक सेकंदाने आले आणि आठवण्याआधी ३० सेकंद गेले, तर शेवटचे तीन शब्द ३०, ३१ आणि ३२ सेकंद जुने असतात. ते एकमेकांत मिसळून जातात. पण शब्दांमध्येच ३०-३० सेकंदांचं अंतर असेल, तर ते ३०, ६० आणि ९० सेकंद जुने होतात आणि शेवटचा सहज उठून दिसतो. म्हणजे शेवटचे शब्द आठवायला वेगळं कोठार लागतंच असं नाही, काळातलं वेगळेपणही पुरतं. हा आक्षेप बऱ्याच नोट्समध्ये नसतो. चौकोनांनाच हात घालणारा आहे, म्हणून जरूर लिहावा.

एच.एम. आणि के.एफ.: सगळ्यात जास्त चुकणारी जागा

एच.एम. म्हणजे हेन्री मोलेसन. अपस्मारासाठी १९५३ मध्ये स्कोव्हिलने केलेल्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग निघाला. त्यानंतर ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवणं त्याला जमे, पण नवे प्रसंग आणि नवी माणसं लक्षात राहत नसत. अल्पकालीन शाबूत, नवी दीर्घकालीन नोंद बंद.

के.एफ. हा मोटरसायकल अपघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेला तरुण. शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी १९७० च्या सुमारास त्याचा अभ्यास मांडला. ऐकलेले आकडे त्याला एक-दोनच परत सांगता येत, तरीही नव्या गोष्टी शिकून लक्षात ठेवण्याची त्याची दीर्घकालीन क्षमता जवळपास सर्वसाधारण होती.

आता वहीतलं नेहमीचं वाक्य: ‘के.एफ.मुळे दोन कोठारं वेगळी नाहीत हे सिद्ध होतं.’ हे उलटं आहे. एकात हे बिघडलं आणि ते शाबूत, दुसऱ्यात ते बिघडलं आणि हे शाबूत, अशी जोडी मिळाली की कोठारं वेगळी असल्याचा दावा बळकट होतो. के.एफ. जे मोडतो तो बाण. दीर्घकालीन स्मृतीकडे जाणारी वाट अल्पकालीन स्मृतीतूनच जात असेल, तर पहिला दरवाजा जवळजवळ बंद असलेल्या माणसाला नवं काही शिकताच यायला नको. त्याला येत होतं.

त्याच केसमध्ये दुसरा आक्षेपही आहे. के.एफ.ला तेच आकडे ऐकवण्याऐवजी दाखवले तर बरेच चांगले जमत. म्हणजे ‘अल्पकालीन स्मृती’ ही एकसंध खोली नाही, ऐकलेल्यासाठी आणि पाहिलेल्यासाठी वेगळी सोय असावी. अल्पकालीन स्मृतीचे वेगवेगळे भाग मानणारं बॅडले आणि हिच यांचं १९७४ चं कार्यकारी स्मृतीचं मॉडेल इथून जोडता येतं.

एच.एम.मध्येही असाच दुहेरी ऐवज आहे. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारत गेला, पण आपण हे आधी केलं आहे हे त्याला आठवत नसे. कौशल्याची आणि प्रसंगांची स्मृती वेगळी, म्हणून दीर्घकालीन चौकोनही एकसंध नाही. अनुभवलेले प्रसंग आणि सर्वसाधारण ज्ञान वेगळं मानणारा तुल्विंगचा प्रसंगस्मृती-अर्थस्मृती हा भेद १९७२ चा, तो इथेच एका ओळीत टाका.

उजळणीचा बाण

क्रेक आणि वॉटकिन्स यांचा १९७३ चा प्रयोग समजून घेतला की हा भाग पक्का होतो. एक अक्षर ठरवून दिलं जातं आणि त्या अक्षराने सुरू होणारा सर्वांत शेवटचा शब्द लक्षात ठेवायचा असतो. नवा आला की जुना सोडायचा. मराठीत रचून पाहू, अक्षर ‘ग’: मुलगी, तेल, बंदूक, गहू, गवत, टेबल, चेंडू, नांगर, गाढव. ‘गहू’ लगेच सोडावा लागला, ‘गवत’ मात्र तीन शब्द जाईपर्यंत मनात घोळवावा लागला. शेवटी न सांगता सगळे शब्द विचारले. जास्त वेळ घोळवलेले शब्द जास्त आठवायला हवे होते. तसं झालं नाही. नुसतं धरून ठेवल्याने शब्द पुढच्या कोठारात सरकत नाही. अर्थाशी जोडून केलेली उजळणी आणि कोरं घोकणं यांतला फरक इथून येतो. अर्थापर्यंत जितकं खोल जाल तितकं जास्त लक्षात राहतं, हा क्रेक आणि लॉकहार्ट यांचा प्रक्रियेच्या पातळ्यांचा विचार त्याआधीच, १९७२ मध्ये, मांडलेला होता.

इथे मूळ लेखकांशी प्रामाणिक राहायला हवं. १९६८ च्या मांडणीत उजळणी म्हणजे फक्त घोकणं नव्हतं. माहिती कशी सांकेतिक करायची, कोणती आठवणीची युक्ती वापरायची, हे माणूस ठरवतो आणि त्यांना ‘नियंत्रण प्रक्रिया’ म्हटलं होतं. पाठ्यपुस्तकांत येताना आकृती राहिली, नियंत्रण प्रक्रिया गळल्या. त्यामुळे ‘हे मॉडेल माणसाला निष्क्रिय मानतं’ हा आक्षेप आकृतीला लागू पडतो, मूळ लेखाला फारसा नाही. जास्त गुणांच्या प्रश्नात हे एक वाक्य इतर वह्यांपासून तुमचं उत्तर वेगळं काढतं.

आता ते बारा आकडे. १६७४, १८१८ आणि १९६० असे गट पाडायला सालं आधीच दीर्घकालीन स्मृतीत असावी लागतात. म्हणजे दुसऱ्या कोठाराची मदत पहिल्यात शिरतानाच घेतली जाते. अक्षर ‘अक्षर’ म्हणून ओळखायलाही तीच लागते. डावीकडून उजवीकडे एकेक पायरी चढणारी आकृती हे दाखवू शकत नाही.

लिहिताना

दहा गुणांसाठी आकृती, तिन्ही कोठारांची क्षमता आणि कालावधी एका छोट्या तक्त्यात, मग एक पाठिंब्याचा प्रयोग पूर्ण आणि दोन आक्षेप पूर्ण. सहा आक्षेपांची नुसती नावं लिहिण्यापेक्षा दोनच, पण ‘काय केलं, मॉडेलने काय अपेक्षिलं असतं, काय दिसलं’ या तीन वाक्यांत. मधलं वाक्यच सहसा गाळलं जातं, आणि ते नसेल तर प्रयोगाचं वर्णन उरतं, आक्षेप होत नाही. केस-अभ्यास वापरला तर त्याची मर्यादाही लिहा: एकच माणूस, इजेआधीची मोजमापं नाहीत, आणि इजा एकाच कार्यापुरती नेमकी असेल याची खात्री नाही. प्रयोगांबद्दलही एक ओळ हवी: सुट्या अक्षरांच्या आणि शब्दांच्या याद्या रोजच्या आठवणींपासून लांबच्या असतात, पण उजळणी रोखणं आणि वेळ सेकंदात मोजणं त्यांच्यामुळेच शक्य झालं.