लिहिलं ३५, तपासलं ३६.८

एचआरमध्ये नवीन आहात आणि उमेदवारांची क्रमवारी लावायची शीट हाती आली आहे, असं धरून लिहितेय. वेटेज म्हणजे काय, ते गुणांना कसं गुणायचं, हे सांगत बसत नाही. मी जिथे तोंडावर आपटले तेवढंच सांगते.

चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा होती. शेवटी तिघे उरले. गुण १० पैकी:

| | चाचणी (४०%) | अनुभव (२५%) | मुलाखत (२०%) | नोटीस (१५%) | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अ | ९ | ६ | ७ | ३ | ६.९५ |
| ब | ७ | ७ | ७ | ६ | ६.८५ |
| क | ५ | ७ | ६ | ८ | ६.१५ |

चाचणी टॅली आणि जीएसटीची. नोटीस पिरियडला ९० दिवसांचे ३ गुण, मग दर १५ दिवस कमी झाले की एक गुण जास्त.

मी 'अ'चं नाव वर पाठवलं. सरांनी एकच विचारलं, "चाचणीला ४०च का? ३५ केले तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ४० हा आकडा मी कुणाच्या तरी तयार शीटमधून उचलला होता. (तयार शीट वापरू नका असं मी म्हणणार नाही, सगळेच वापरतात. पण त्यातले वेटेज तुमच्या जागेसाठी ठरवलेले नसतात.)

जागेवर परत आले, ४० खोडून ३५ लिहिले. अ ६.५०, ब ६.५०. बरोब्बर बरोबरी! धावत जाऊन सांगितलं, "सर, ३५ला दोघे समान येतात." सरांनी शीटकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेरीज किती होतेय?" ९५.

आता हे नीट बघा, कारण बेरीज चुकली एवढंच यात नाही. ९५ मधले ३५ म्हणजे ३६.८ टक्के. मी लिहिलं ३५, पण तपासलं ३६.८. अनेक जण सूत्राच्या शेवटी वेटेजच्या बेरजेने भागतात आणि सुटलो म्हणतात:

```
=SUMPRODUCT($B$1:$E$1,B3:E3)/SUM($B$1:$E$1)
```

त्याने बेरीज जुळते, पण तुम्ही वाचता तो आकडा खोटाच राहतो. खरंच ३५ टक्के तपासायचे असतील तर उरलेल्या तीन रकान्यांना मिळून ६५ मिळायला हवेत. आधी ६० होते, म्हणून प्रत्येकाला ६५/६० ने गुणायचं: अनुभव २७.१, मुलाखत २१.७, नोटीस १६.२. मग अ ६.७८ आणि ब ६.८४. बरोबरी नाहीच, 'ब' पुढे! सुटलेले ५ टक्के आपल्या मर्जीने एकाच रकान्यात टाकू नका. मुलाखतीत टाकले तर दोघांचे गुण सारखेच, म्हणून बरोबरी तशीच राहते. नोटीसमध्ये टाकले तर 'ब' आणखी पुढे जातो. म्हणजे निकाल तुम्हीच ठरवला.

एक-एक आकडा टाकून बघण्यापेक्षा उलटा बिंदू, म्हणजे ज्या वेटेजला निकाल उलटतो तो, थेट काढा. चाचणी सोडून बाकीची सरासरी 'अ'ची ५.५८, 'ब'ची ६.७५. 'ब' तिथे १.१७ ने पुढे, चाचणीत 'अ' २ ने पुढे. १.१७ भागिले या दोन्हींची बेरीज ३.१७, म्हणजे ३६.८ टक्के. चाचणीचं वेटेज त्याच्या खाली गेलं की पहिला क्रमांक बदलतो. आपण ठरवलेल्या ४० पासून हे अंतर जेमतेम ३ टक्क्यांचं आहे, आणि ४० की ३७ हे छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. 'क'चं तसं नाही. चाचणी २५ टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय तो तिसऱ्या क्रमांकावरून हलत नाही. म्हणजे तिसरा पक्का होता, पहिले दोन नव्हते.

घाबरू नका, याचा अर्थ शीट वाया गेली असा नाही. तिने 'क'ला बाजूला काढलं, ते काम झालं. पण एक सांगते, नावं पाहिल्यावर वेटेज हलवायला शिकवणारा सीनियर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. मला एक भेटला होता. "कोण घ्यायचाय ते सांग, मी वेटेज देतो," म्हणायचा. सीव्ही उघडायच्या आधी आकडे लिहून ईमेल करून ठेवा, तारखेसकट.

आम्ही वेटेजना हात लावला नाही. गुण पुन्हा तपासले. दोघांतला फरक ०.१०चा आणि नोटीसचा एकच गुण ०.१५चा, म्हणून 'अ'ला फोन करून नोटीसबद्दल पुन्हा विचारलं. तिच्या कंपनीने ६० दिवसांत सोडायचं लेखी दिलं. ३ चे ५ झाले, एकूण ७.२५, आणि उलटा बिंदू ३६.८ वरून २५ वर उतरला. सरांनी त्याच दिवशी ऑफर लेटरवर सही केली.